रेकॉर्डिंग असूनही इतिवृत्तात ठराव चुकतो: कारण आणि दुरुस्ती

हा प्रश्न गृहनिर्माण संस्थांच्या सचिवांकडून वारंवार येतो. कार्यकारी समितीची सभा दीड तास चालते. फोनवर रेकॉर्डिंग होतं, त्याचा लिखित मजकूरही फोनवरच मिळतो आणि छापला तर पंचवीस-तीस पानं भरतात. सचिव रात्री बसून गप्पांची वाक्यं खोडतात आणि उरलेलं नीटनेटकं करून चार-पाच पानांचं इतिवृत्त बनवतात. पुढच्या सभेत 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा पहिलाच विषय येतो आणि दोघं-तिघं म्हणतात, "असं ठरलंच नव्हतं." रेकॉर्डिंग लावून बघितलं तर बहुधा त्यांचंच बरोबर निघतं. शब्दन्‌शब्द हाताशी असताना ठराव चुकतो कसा?

दुसरी तक्रार याच्या उलट दिसते, पण मूळ तेच. इतिवृत्त चुकीचं नसतं, फक्त कोणी वाचत नाही. 'श्री. अमुक म्हणाले, त्यावर श्री. तमुक म्हणाले' असं पाच पानं चालतं आणि टेरेसचं काम कोणाला दिलं ते शोधायला ठेकेदाराला सचिवांनाच फोन करावा लागतो.

दोन्हींचं कारण काम करण्याच्या दिशेत आहे. मजकूर वरून खाली वाचत नको ते खोडायचं, ही पद्धत सोपी वाटते. पण बोलण्यात निर्णय एखाद्या वाक्यात ठेवलेला नसतो. विषय निघतो, सुटतो, चहा येतो, पार्किंगवरून वाद होतो आणि अर्ध्या तासाने कोणीतरी "अरे, त्या टेरेसचं एक राहिलं" म्हणून तोच विषय परत काढतो. तो विषय शेवटी ज्या अवस्थेत सुटला, तो निर्णय. वरून खाली खोडत येणाऱ्याला आधी पहिला 'ठरलं' भेटतो. तो ठळक असतो, म्हणून तोच लिहिला जातो. नंतरचा बदल इतक्या सैल शब्दांत झालेला असतो की तो गप्पांबरोबर खोडला जातो.

एक विषय, तीन तुकडे

नमुन्यासाठी मी रचलेली एक सभा घेऊ. रविवार, ४ मे. समितीचे सात जण हजर: अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि चार सदस्य. त्यांना आपण फ्लॅटच्या नंबरानेच ओळखू, सोसायटीत तसंही तेच चालतं. विषय टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचा. सर्वसाधारण सभेने साडेतीन लाखांपर्यंतच्या खर्चाला आधीच मंजुरी दिलेली आहे, समितीने फक्त ठेकेदार निवडायचा आहे. फोनने काढलेल्या मजकुरातले कामाचे तुकडे असे:

> १४:२० खजिनदार: तीन कोटेशनं आलीत पहिला तीन चाळीस दुसरा दोन पंच्याऐंशी तिसरा सव्वातीन
> ४०३: मग दुसराच बरा की
> अध्यक्ष: हो दुसऱ्याला द्यायचं नाही
> ४०३: द्या द्या
> २०१: अहो तो दुसरा माझ्या मेहुण्याच्या ओळखीतला माणूस चांगलाय परवाच घरी आला होता चहाला
> अध्यक्ष: ठीक आहे ठरलं मग

यानंतर पार्किंग, टँकरचं बिल, कोणाच्या तरी मुलाचं लग्न. मग:

> ४१:०५ सचिव: त्या टेरेसच्या कोटेशनात जीएसटी धरलाय का हो
> खजिनदार: थांबा बघतो पहिल्यात धरलाय तिसऱ्यात धरलाय दुसऱ्यात नाही खाली वेगळा लिहिलाय अठरा टक्के
> ४०३: म्हणजे तो तीन छत्तीसच्या वर गेला
> अध्यक्ष: मग तिसराच घ्या काय
> (अनेक आवाज): हो हो चालेल
> १०२: मला पटत नाही पहिला दहा वर्षांची गॅरंटी देतोय माझा विरोध लिहून घ्या

आणि सभा संपता संपता, कपबश्यांच्या आवाजात:

> ५२:३० खजिनदार: त्याला तीस टक्के आधी द्यावे लागतील
> ७०२: द्या पण पाणी भरून दोन दिवस ठेवून बघा मगच पुढचे द्या आणि दहा टक्के पावसाळा संपल्यावर गेल्या वर्षी माझ्या बेडरूमच्या छताचं काय झालं माहितीये ना
> अध्यक्ष: बरोबर तसंच करा आणि मृगाच्या आत झालं पाहिजे हं
> सचिव: पाच जून लिहितो
> अध्यक्ष: लिहा

वरून खाली जाणारा सचिव १४ व्या मिनिटाला 'दुसऱ्या ठेकेदारास काम देण्याचे सर्वानुमते ठरले' लिहून मोकळा होतो. ४१ व्या मिनिटाचा तुकडा त्याला जीएसटीविषयीची चर्चा वाटतो आणि ५२ व्या मिनिटाला तर सभा संपल्यासारखीच असते. खरा ठराव मात्र या तीन तुकड्यांत विखुरला आहे. ठेकेदार कोण ते दुसऱ्यात, पैसे कसे द्यायचे आणि काम कधीपर्यंत हवं ते तिसऱ्यात. 'ठरलं' हा शब्द ज्या एकाच तुकड्यात आला, तो पुढे रद्द झाला.

दुरुस्ती: आधी गोळा करा, मग मागून वाचा

लिहायला बसताना सभेच्या नोटिशीतली विषयपत्रिका समोर घ्या. प्रत्येक विषयाचं एक मथळ्याचं पान करा, शेवटी 'ऐन वेळचे विषय' असं एक पान जोडा. मग मजकूर एकदाच वरून खाली वाचा, पण काहीही खोडू नका. फक्त प्रत्येक तुकडा वेळेसकट त्याच्या विषयाच्या पानावर नेऊन टाका. टेरेसच्या पानावर १४:२०, ४१:०५ आणि ५२:३० असे तिन्ही तुकडे एकाखाली एक आले की अर्धं काम झालं. लग्नाचा विषय कुठल्याच पानात बसत नाही, तो आपोआप बाहेर राहतो. गप्पा शोधून शोधून काढाव्या लागत नाहीत.

विषय नुसते आठवणीने शोधू नका. फाइलमध्ये Ctrl+F दाबून त्या विषयाचे दोन-तीन शब्द टाका: 'टेरेस', 'गच्ची', 'वॉटरप्रूफ', 'कोटेशन'. बोलताना माणसं एकाच गोष्टीला तीन नावांनी संबोधतात आणि तिसऱ्या तुकड्यात तर 'त्याला' एवढंच आहे. म्हणून शोध झाल्यावरही शेवटची दहा मिनिटं डोळ्यांनी वाचाच. पैशांच्या अटी आणि तारखा उठता उठता बोलल्या जातात, त्या तिथेच सापडतात.

आता प्रत्येक पान खालून वर वाचा. सर्वांत खालच्या तुकड्यापासून सुरुवात करून एकेक गोष्ट विचारा: कोणाला, किती, कधी, कोणत्या अटीवर. एखाद्या गोष्टीचं उत्तर खालच्या तुकड्यात मिळालं की वरच्या तुकड्यातलं त्याच गोष्टीचं उत्तर बाद. टेरेसच्या बाबतीत 'कोणाला' याचं उत्तर ४१:०५ ला मिळतं: तिसरा. मग १४:२० चं 'दुसऱ्याला' आपोआप बाद होतं. पण १४:२० चा तुकडा सगळाच बाद होत नाही, कारण तीन कोटेशनांचे आकडे फक्त तिथेच आहेत.

बाद झालेला निर्णय इतिवृत्तात लिहायचा का? मी लिहीत नाही. 'प्रथम दुसऱ्या ठेकेदाराचा विचार झाला, परंतु...' अशी वाक्यं घातली की इतिवृत्त पुन्हा गोष्ट सांगू लागतं. बदलामागचं कारण मात्र अर्ध्या ओळीत ठेवतो. कारण उद्या कोणी सभासद विचारणारच की दोन पंच्याऐंशीचं कोटेशन असताना सव्वातीन का दिले. त्याचं उत्तर 'जीएसटी धरून' या दोन शब्दांत आहे.

मजकुरावर विश्वास कुठे ठेवायचा नाही

फोनने काढलेल्या मजकुरात विरामचिन्हं नसतात, असली तर भलतीकडे असतात. मराठीत याचा फटका मोठा बसतो. वरचं वाक्य पुन्हा बघा: 'हो दुसऱ्याला द्यायचं नाही'. कागदावर हा नकार दिसतो. ऐकलं तर अध्यक्ष विचारताहेत, "हो, दुसऱ्याला द्यायचं, नाही?" म्हणजे होकार घेताहेत. पुढचं 'द्या द्या' वाचून इथे अंदाज करता येतो, पण दर वेळी पुढचं वाक्य मदतीला येत नाही. वाक्याच्या शेवटी 'नाही', 'ना', 'काय', 'की' आलं आणि त्यावर निर्णय टांगलेला असला तर त्या मिनिटाचं रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी जागा आकड्यांची. 'तीन चाळीस' म्हणजे ३,४०,०००, 'सव्वातीन' म्हणजे ३,२५,०००, हे सभेत बसलेल्यांना कळतं. कागदावर 'तीन चाळीस' हे ३४० होऊ शकतं, तीन वाजून चाळीस मिनिटंही होऊ शकतात. पावणेदोन, अडीच, साडेतीन यांचं असंच. ऐकण्यात पंचवीस आणि पस्तीस, साठ आणि सात यांची गल्लत होते ती निराळीच. म्हणून रकमा मजकुरावरून उतरवायच्याच नाहीत, मूळ कागदावरून उतरवायच्या. कोटेशन समोर घ्या, बिल समोर घ्या. मजकुराने फक्त एवढंच सांगायचं की कोणतं कोटेशन.

हिशेबही एकदा करून बघा. दुसऱ्याचे २,८५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५१,३००, मिळून ३,३६,३००. तिसऱ्याचे जीएसटीसकट ३,२५,०००. म्हणजे ४०३ च्या सदस्यांचं 'तीन छत्तीसच्या वर' बरोबर होतं आणि तिसरा ११,३०० रुपयांनी स्वस्त पडतो. हिशेब जुळला नसता तर एकतर आकडा चुकीचा ऐकला गेला होता किंवा सभेतच चूक झाली होती. सभेत चूक झाली असेल तर ती इतिवृत्तात गुपचूप सुधारायची नाही. अध्यक्षांना कळवायचं आणि पुढच्या सभेत विषय घ्यायचा.

तिसरी जागा दिवसांची. 'परवा' मागचाही असतो आणि पुढचाही. 'पुढच्या रविवारी' हे शब्द इतिवृत्तात गेले तर महिन्याने वाचणाऱ्याला काहीच सांगत नाहीत. प्रत्येक दिवसाची तारीख करा. 'मृगाच्या आत' म्हणजे साधारण ७ जूनच्या आत, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यावरून ठेकेदाराला दंड लावता येत नाही. इथे सचिवांनी जागेवरच 'पाच जून लिहितो' म्हणून अध्यक्षांचा होकार घेतला, म्हणून काम सोपं झालं. त्यांनी विचारलं नसतं, तर इतिवृत्तात आपल्या मनाने ५ जून घालता आला नसता. मग 'पावसाळ्यापूर्वी, तारीख ठेकेदाराशी बोलून निश्चित करणे' एवढंच लिहावं लागलं असतं.

गप्पा वाटतात पण ठेवायच्या, निर्णय वाटतात पण नाहीत

या पायरीवर नवखे अडतात. चहा, लग्न, क्रिकेट हे सरळ बाहेर जातं, त्याला काही अक्कल लागत नाही. अवघड असतात ती मधली वाक्यं.

२०१ च्या सदस्यांचं वाक्य घ्या. मेहुण्याच्या ओळखीतला ठेकेदार, घरी चहाला आला होता. ऐकायला निव्वळ गप्पा. पण ज्या तीन कोटेशनांतून निवड चालली आहे, त्यातल्या एकाशी समितीच्या सदस्याची नात्यातून ओळख आहे, हे त्यांनी सभेत सांगितलं. ते एका ओळीत राहिलंच पाहिजे, चहा वगळून. इथे त्या ठेकेदाराला काम गेलं नाही म्हणून ती ओळ निरुपद्रवी आहे. काम त्यालाच गेलं असतं तर तीच ओळ त्या सदस्यांना वाचवणारी ठरली असती, कारण त्यांनी लपवलं नव्हतं हे कागदावर दिसलं असतं.

१०२ चं उलट आहे. 'माझा विरोध लिहून घ्या' असं कोणी म्हटलं की तो लिहायचाच, कारणासकट, एका वाक्यात. विरोध नोंदवायचं विसरून 'सर्वानुमते' लिहिणं ही इतिवृत्तातली सगळ्यात नेहमीची आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. 'सर्वानुमते' हा शब्द हाताला इतका सवयीचा झालेला असतो की तो विचार न करता पडतो. एकाने जरी नाही म्हटलं असेल तरी 'बहुमताने' लिहा. आणि किती विरुद्ध किती, हे सभेत मोजलं नसेल तर नंतर मोजू नका. 'हो हो चालेल' या आवाजांत २०१ होते की नव्हते हे मजकुरावरून कळत नाही, रेकॉर्डिंगवरूनही बहुधा कळणार नाही. तिथे 'सहा विरुद्ध एक' लिहिणं म्हणजे मनाने लिहिणं.

७०२ च्या बाईंच्या बोलण्यात अट आणि गाऱ्हाणं एकाच दमात आलं आहे. अट म्हणजे पाणी भरून दोन दिवस ठेवायचं आणि दहा टक्के पावसाळ्यानंतर द्यायचे. अध्यक्षांनी 'बरोबर, तसंच करा' म्हणून ती स्वीकारली. बेडरूमच्या छताचं गाऱ्हाणं हे अटीमागचं कारण. ते इथे बाहेर जाईल. त्यांना छतासाठी स्वतंत्र तक्रार नोंदवायची असेल तर त्यांनी लेखी द्यावी, मग ती पुढच्या विषयपत्रिकेत येईल. यावर काही सचिव माझ्याशी सहमत होणार नाहीत. पण एकदा गाऱ्हाणी इतिवृत्तात यायला लागली की पुढच्या सभेत प्रत्येकजण मुद्दाम लिहून घेण्यासाठी बोलू लागतो, हा माझा अनुभव आहे.

आता उलट बाजू. 'बघू', 'करायला पाहिजे खरं', 'कोणीतरी त्यांना सांगा', 'आपण एकदा बोलून घेऊ' ही वाक्यं निर्णयासारखी ऐकू येतात आणि मजकुरात तर फारच ठाम दिसतात. त्यांना कर्ता नाही, मुदत नाही, कोणाचा होकारही नाही. अशी वाक्यं इतिवृत्तात 'ठरले' म्हणून लिहिली की पुढच्या महिन्यात 'अंमलबजावणी का झाली नाही' म्हणून सचिवच कात्रीत सापडतात. त्या विषयावर शेवटी फक्त 'बघू' सापडत असेल तर लिहायचं वाक्य ठरलेलं आहे: 'विषयावर चर्चा झाली. निर्णय झाला नाही. विषय पुढील सभेत घेण्यात यावा.' एवढंच. पार्किंगच्या विषयावर वीस मिनिटं वाद झाला असेल तरी या तीन वाक्यांपलीकडे काही लिहू नये.

ठराव लिहिणं

सगळं गोळा झाल्यावर टेरेसचा विषय असा लिहून होतो:

> विषय क्र. ३: टेरेसच्या वॉटरप्रूफिंगसाठी ठेकेदार निश्चित करणे.
>
> सर्वसाधारण सभेने मंजूर केलेल्या रु. ३,५०,००० च्या मर्यादेत तीन कोटेशने विचारात घेण्यात आली. जीएसटी धरून रकमा: पहिले रु. ३,४०,०००, दुसरे रु. ३,३६,३००, तिसरे रु. ३,२५,०००. सदस्य (२०१) यांनी दुसऱ्या ठेकेदाराशी नातेवाइकामार्फत ओळख असल्याचे सांगितले.
>
> ठराव: तिसऱ्या ठेकेदारास रु. ३,२५,००० (जीएसटीसह) मध्ये काम देण्याचे बहुमताने ठरले. पहिला ठेकेदार दहा वर्षांची हमी देत असल्याच्या कारणावरून सदस्य (१०२) यांनी विरोध नोंदवला.
>
> अटी: ३० टक्के (रु. ९७,५००) आगाऊ. काम पूर्ण झाल्यावर टेरेसवर दोन दिवस पाणी साठवून तपासणी करावी व त्यानंतर ६० टक्के (रु. १,९५,०००) द्यावेत. उर्वरित १० टक्के (रु. ३२,५००) पावसाळा संपल्यावर. काम ५ जूनपर्यंत पूर्ण व्हावे.

प्रत्यक्षात 'पहिला, दुसरा, तिसरा' याऐवजी ठेकेदारांची पूर्ण नावं आणि कोटेशनाची तारीख येईल, सदस्यांचीही नावं येतील. मुद्दा लांबीचा आहे. तीन तुकड्यांतून, मधल्या अर्ध्या तासाच्या गोंगाटातून एवढंच निघतं आणि यातलं एकही वाक्य काढता येत नाही.

६० टक्के हा आकडा सभेत कोणी उच्चारला नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल. तीस आधी आणि दहा नंतर म्हटल्यावर मधले साठच उरतात, म्हणून तो लिहिला. असा निव्वळ वजाबाकीने येणारा आकडा चालतो. पण 'पावसाळा संपल्यावर' याची ३० सप्टेंबर ही तारीख मी करणार नाही. ती वजाबाकी नव्हे, तो नवा निर्णय होईल. अध्यक्षांना विचारून कार्यादेशात तारीख घालता येते.

'सूचक' आणि 'अनुमोदक' यांची नावं वरच्या मसुद्यात नाहीत, कारण सभेत ती घेतली गेली नाहीत. बरेच सचिव नंतर सोयीची दोन नावं भरतात. १०२ सारखा विरोध नोंदवणारा सदस्य असला आणि प्रकरण उपनिबंधकांकडे गेलं, तर ती दोन नावं रेकॉर्डिंगमध्ये कुठेच सापडत नाहीत आणि मग बाकीच्या खऱ्या मजकुरावरही शंका घेतली जाते. संस्थेत ती नावं लिहायची प्रथा असेल तर सभेतच विचारा.

मसुदा तपासायला माझ्याकडे एकच कसोटी आहे. सभेला हजर नसलेल्या माणसाने फक्त हा ठराव वाचून चेक लिहायचा असेल तर त्याला काही विचारावं लागेल का? कोणाच्या नावे, किती, केव्हा, काय तपासून. चारपैकी एकाचंही उत्तर नसेल तर पुन्हा त्या विषयाचे तुकडे उलटे वाचा. तिथेही नसेल तर ते सभेत ठरलंच नाही आणि तसं लिहा. पैशांचा व्यवहार नसेल तिथे चेकऐवजी पत्र धरा: या ठरावावरून पत्र पाठवता येईल का, कोणाला आणि काय मागायला?

तरीही वाद झाला तर

एखादा सदस्य कायम करतेवेळी म्हणाला की ठराव वेगळा होता, तर त्या विषयाच्या पानावरच्या वेळा काढून तेवढेच तुकडे ऐकवा. टेरेससाठी ही तीन जागांवरची मिळून पाच-सात मिनिटं आहेत. अख्खं रेकॉर्डिंग लावायला बसलात तर दुसरी सभा त्यातच जाईल. यासाठी वेळा मसुद्याच्या तुमच्या प्रतीत समासात ठेवाव्यात, सभासदांना पाठवायच्या प्रतीतून काढाव्यात.

दुरुस्ती मान्य झाली तर इतिवृत्त पुस्तकात जुनं वाक्य वाचता येईल असं एका रेषेने खोडा, वर नवं लिहा आणि अध्यक्ष-सचिवांनी शेजारी सही करा. पांढरी शाई लावू नका, पान फाडू नका, नव्याने चिकटवू नका. आणि ज्या सभेत दुरुस्ती मान्य झाली, त्या सभेच्या इतिवृत्तातही एक ओळ घाला की मागील इतिवृत्त अमुक दुरुस्तीसह कायम करण्यात आले. जागोजागी खाडाखोड असलेल्या पुस्तकापेक्षा या दोन नोंदी जुळणारं पुस्तक जास्त टिकतं.

मूळ आजारावर इलाज सभेतच करता येतो आणि त्याला अर्धं मिनिट लागतं. प्रत्येक विषय सुटताना सचिवांनी मोठ्याने म्हणायचं, "टेरेसचं ठरलं ते वाचतो," आणि एका वाक्यात सांगायचं. चुकलं असेल तर तिथेच कोणीतरी ओरडतं. विषय परत निघाला तर परत वाचायचं. पुढे मजकुरात 'ठरलं ते वाचतो' एवढं Ctrl+F ने शोधलं की प्रत्येक ठरावाची शेवटची जागा मिळते. यात एक अडचण येते. काही अध्यक्षांना हे मध्ये मध्ये बोलणं आवडत नाही, त्यांना सभा 'अडखळते' असं वाटतं. अशा वेळी सभेच्या शेवटी, चहा येण्याआधी, सगळे ठराव एकदम वाचून घ्यावेत. चहा आल्यावर वाचले तर कोणी ऐकत नाही आणि रेकॉर्डिंगमध्येही कपबश्याच ऐकू येतात.

रेकॉर्डिंग चालू आहे हे सभेच्या सुरुवातीला सांगून तेही इतिवृत्तात लिहा. इतिवृत्त कायम होईपर्यंत ती फाइल जपा, फोन बदलला तरी. कायम झाल्यानंतर ती किती दिवस ठेवायची याचा समितीने एकदाच ठराव करून घ्यावा. नाहीतर ती सचिवांच्या फोनमध्ये वर्षानुवर्षं पडून राहते आणि त्यात कोणाच्या मुलाच्या लग्नाबद्दल कोण काय म्हणालं, तेही असतं.